पॅचवर्कची यादी: कट पाहून ठरणारे शॉट

चित्रीकरण संपल्यावर ओके झालेले सगळे शॉट पटकथेच्या क्रमाने एकापुढे एक लावले जातात, तेव्हा चित्रपट पहिल्यांदा सलग दिसतो. या जुळणीला लाइनअप म्हणतात. लाइनअप बहुधा लांबलचक आणि कंटाळवाणा असतो, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. धक्का बसतो तो पुढच्या टप्प्यावर, काटछाट होऊन रफ कट तयार झाला की. कागदावर जे अगदी स्पष्ट होते ते पडद्यावर कळतच नाही; एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना कट उडी मारतो; पात्र घरातून एकदम एसटीत कसे बसले याचा पत्ता लागत नाही. अशा फटी भरण्यासाठी नंतर जे मोजके शॉट घेतले जातात त्यांना पिकअप म्हणतात. मराठी-हिंदी युनिटांत त्यालाच सर्रास पॅचवर्क म्हटले जाते.

अख्खा प्रसंग नव्याने करणे म्हणजे रीशूट, आणि ते वेगळे व महागडे प्रकरण आहे. पॅचवर्कमध्ये आधीचा प्रसंग जागच्या जागी राहतो. त्यात दोन-चार सेकंदांचे तुकडे बसवायचे असतात. म्हणून त्याची यादी पटकथेवरून करून चालत नाही. पटकथेतला निम्मा मजकूर एव्हाना कटमधून गळालेला असतो, काही प्रसंगांची अदलाबदल झालेली असते. नवा शॉट कोणत्या दोन शॉटांच्या मध्ये बसणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो शॉट यादीत घालू नये, एवढा साधा नियम पाळला तरी यादी अर्ध्यावर येते.

एखादा प्रसंग किती अँगलने आणि किती लहान-मोठ्या फ्रेममध्ये टिपला याला कव्हरेज म्हणतात. दोन माणसांचा संवाद असेल तर सगळा प्रसंग सलग दाखवणारा मास्टर, दोघांचा टू-शॉट, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा सजेशन, दोघांचे वेगवेगळे क्लोज आणि हातातल्या वस्तूंचे इन्सर्ट असा साधारण संच असतो. ऊन उतरू लागले, जनरेटरचे तास संपत आले, की या संचातून काय गळणार हे जवळजवळ ठरलेले असते. बोलणाऱ्याचा क्लोज घेतला जातो, ऐकणाऱ्याचा राहून जातो. इन्सर्ट तर 'नंतर कधीही घेऊ' या खात्यात जातात. संकलकाला मात्र नेमके हेच दोन सगळ्यांत जास्त लागतात, कारण संवादातला मधला भाग कापायचा असेल तर कापलेली जागा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याखाली किंवा एखाद्या वस्तूच्या शॉटखाली झाकावी लागते.

उणीव ओळखण्याचे काम दिग्दर्शक आणि लेखक यांना फारसे जमत नाही. त्यांना पटकथा पाठ असते, त्यामुळे पडद्यावर नसलेली गोष्टही त्यांना दिसते. रफ कट पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, पण त्यांना 'कळलं का?' असे विचारून उपयोग नाही. माणसे भिडेखातर हो म्हणतात. 'काय झालं ते सांगा' असे म्हटले की ती गोष्ट सांगू लागतात, आणि सांगताना जिथे अडखळतात किंवा मनाचेच काही जोडतात तिथे उणीव असते. त्यांनी सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, पण दाखवलेली जागा बरोबर असते. दुसरा मार्ग म्हणजे आवाज बंद करून कट पाहणे. कोण कुठे बसले आहे, कोण कोणाकडे पाहत आहे हे आवाजाविना कळेनासे झाले, तर तिथला घोळ संवादांनी आजवर झाकून ठेवला होता असे समजावे.

उणिवा तशा तीनच जातीच्या. काही माहितीच्या असतात: प्रेक्षकाला जे कळायला हवे ते दिसलेच नाही. काही स्थळ-काळाच्या: कुठे आहोत, किती वेळ गेला, हे लागत नाही. काही निव्वळ जोडणीच्या: दोन चांगले शॉट एकमेकांना लागत नाहीत. जात ओळखणे महत्त्वाचे, कारण जोडणीच्या उणिवेला जवळपास कोणताही सुसंगत कटअवे चालतो, माहितीच्या उणिवेला मात्र एक विशिष्ट शॉटच लागतो.

हे सगळे एका प्रसंगावरून पाहिले तर नीट कळेल. समजा, अठरा मिनिटांचा एक मराठी लघुपट मेच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या एका गावात चित्रित झाला आहे. मुंबईत नोकरी करणारी मुलगी घरी येते, कारण वडील आंब्याची बाग विकायला निघाले आहेत. माजघरातल्या ट्रंकेत तिला पतसंस्थेचे जुने पासबुक सापडते. तिच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते वडील अजून फेडत आहेत हे त्यातून तिला कळते. ती पडवीत येऊन त्यांच्याशी बोलते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

ऑगस्टच्या सुरुवातीला रफ कट तयार होतो आणि चार परक्या माणसांना दाखवला जातो. त्यातल्या दोघांना ट्रंकेतले ते निळे पुस्तक रेशनकार्ड वाटते, कारण मुलगी ते उघडते त्या मिड शॉटमध्ये पान दिसतच नाही. पडवीतला प्रसंग पटकथेत चार मिनिटांचा होता. तो लांबतो म्हणून संकलकाने मधला सव्वा मिनिट काढला, पण त्या कापलेल्या भागात वडील खांबापासून उठून बाकड्यावर येऊन बसले होते. आता ते एका शॉटमध्ये खांबाला टेकलेले आणि पुढच्याच शॉटमध्ये बाकड्यावर दिसतात. शेवटी, मुलगी पासबुक वडिलांना परत करते तो प्रसंग अभिनयात कच्चा वाटल्याने पूर्ण काढला आहे, आणि एसटीतल्या शॉटमध्ये ते पासबुक तिच्या मांडीवर आहे. ती रागावून ते घेऊन निघून गेली, असा अर्थ दोन प्रेक्षकांनी लावला. याशिवाय घर सकाळी दाखवणारा एकही शॉट नाही, वडिलांचे एक वाक्य वाऱ्यात बुडाले आहे, आणि मुलगी पडवीत येते तेव्हा वडील तिच्याकडे पाहतात तो क्षण कुठेच मिळत नाही.

इथे लगेच गाडी काढून रत्नागिरीला जायची तयारी सुरू होते आणि तिथेच पैसे वाया जातात. आधी असलेला सगळा माल पुन्हा पाहायला हवा, आणि तोही केवळ ओके टेक नव्हेत. एन.जी. टेकमध्ये, आणि विशेषतः 'अ‍ॅक्शन' म्हणण्याआधीच्या आणि 'कट' म्हटल्यानंतरच्या सेकंदांत, कलाकार अभिनय करत नसतो. तो नुसता बसलेला असतो, कोणाकडे तरी पाहत असतो. ऐकणाऱ्या माणसाचा खरा चेहरा कित्येकदा तिथेच सापडतो. आपल्या उदाहरणात वडिलांचा वर पाहण्याचा क्षण असाच मिळतो: क्लॅप देऊन सहायक बाजूला होतो आणि वडिलांचे काम करणारे नट सूचना ऐकण्यासाठी मान वर करतात. दीड सेकंद. पुरेसा आहे. सकाळचे घरही एका वाइड शॉटच्या सुरुवातीला मिळते, पात्रे फ्रेममध्ये येण्याआधीच्या चार सेकंदांत. रंगसुधारणेत ते थोडे गार केले की सकाळ वाटते. वाऱ्यात बुडालेले वाक्य डबिंगमध्ये नव्याने घेता येते, कारण त्या वेळी वडील पाठमोरे आहेत आणि ओठ जुळवावे लागत नाहीत.

शॉट उलटा करणे, म्हणजे डावे-उजवे बदलणे, ही आणखी एक युक्ती. नजर चुकीच्या दिशेला असलेला क्लोज त्याने सुधारतो. मात्र साडीचा पदर उजव्या खांद्यावर येतो, केसांचा भांग सरकतो आणि मागची पाटी उलटी वाचावी लागते, म्हणून ती जपूनच वापरावी. चित्रीकरण फोर-के मध्ये झाले असेल आणि चित्रपट एचडीमध्ये द्यायचा असेल, तर फ्रेम दुपटीपर्यंत मोठी करून मिड शॉटचा क्लोज करता येतो. त्यात फोकसची कसर असेल तर तीही दुप्पट दिसते. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय दिग्दर्शकाला सगळ्यांत जास्त दुखतो: ज्या प्रसंगामुळे उणीव जाणवते तो प्रसंगच काढून टाकणे.

एवढे झाल्यावर आपल्या लघुपटात तीन खऱ्या उणिवा उरतात: पासबुकाचे पान, पडवीतली उडी आणि पासबुक परत केल्याचा पत्ता. त्या भरायला नेमके काय आणि किती हवे हे कागदावर ठरवू नये. संकलक टाइमलाइनवर त्या जागी काळी पाटी लावतो, तिच्यावर 'इथे पासबुक, नोंद वाचता यावी' असे लिहितो आणि पाटी किती वेळ ठेवली तर प्रसंगाची लय टिकते ते पाहतो. त्याहून चांगले म्हणजे मोबाइलवर घेतलेला कच्चा शॉट लावून बघणे. हात कोणाचाही, वही कोणतीही चालते. या चाचणीत दोन गोष्टी नेहमी उघड होतात. काही शॉट लावल्यावर त्यांची गरजच नव्हती असे दिसते, आणि काही शॉट वाटले होते त्यापेक्षा वेगळ्या आकाराचे लागतात. पासबुकासाठी पूर्ण पानाचा शॉट लावून पाहिला तर तीन सेकंदांत डोळा कुठे जावा हेच कळत नाही. पानावरच्या चार ओळी, प्रत्येकीत 'कर्ज हप्ता' हे दोनच शब्द आणि शेवटच्या ओळीवर तिचा अंगठा, एवढे दाखवले की काम होते. पडद्यावरचा मजकूर सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवावा, असा संकलकांचा ढोबळ हिशेब असतो.

पडवीतल्या उडीसाठी मुलीचा ऐकतानाचा क्लोज हवा. चाचणीत तो एका ठिकाणी चार सेकंद आणि पुढे आणखी एका ठिकाणी दोन सेकंद लागतो असे दिसते. म्हणजे मांडणी एक, उपयोग दोन. तोच शॉट अडला तर पर्याय म्हणून अडकित्त्याने सुपारी कातरणाऱ्या वडिलांच्या हातांचा इन्सर्ट घ्यायचा. अडकित्ता मास्टरमध्ये त्यांच्या हातात आहेच, त्यामुळे तो आगंतुक वाटणार नाही. शेवटच्या उणिवेला एकच शॉट पुरतो: पडवीत ठेवलेला पानाचा डबा, त्याच्याखाली दिसणारे निळे पासबुक, वडिलांचा हात येऊन डबा उचलतो आणि तिथेच थबकतो. पासबुक मांडीवर असलेला एसटीचा शॉट काढून त्याऐवजी दुरून घेतलेला टेक वापरायचा. प्रसंग न घेता प्रसंगाचा परिणाम दाखवला गेला, आणि खरे तर काढून टाकलेल्या प्रसंगापेक्षा हे बरे झाले.

आता यादीत चार शॉट आहेत. प्रत्येकासाठी यादीत जे लिहायचे ते साध्या शॉट डिव्हिजनपेक्षा बरेच अधिक असते. पहिला रकाना पत्त्याचा: कटमध्ये कोणत्या मिनिट-सेकंदाला, कोणत्या शॉटनंतर आणि कोणत्या शॉटआधी. त्यापुढे आधीच्या आणि नंतरच्या शॉटची एकेक स्थिर फ्रेम छापून चिकटवायची. शब्दांनी जे दहा ओळींत सांगता येत नाही ते या दोन चित्रांत असते. मग लागणारी लांबी. मग मूळ शॉटची तांत्रिक नोंद: कॅमेरा, लेन्स, फ्रेमरेट, शटर, व्हाइट बॅलन्स, कॅमेऱ्याची उंची. ही माहिती मूळ चित्रीकरणाच्या कॅमेरा रिपोर्टमध्ये असते, आणि नसली तर डिजिटल फाइलमध्ये तिचा काही भाग सापडतो. त्यानंतर नजर, प्रकाशाची दिशा, कपडे, केस, दागिने, वस्तू.

मुलीच्या क्लोजची नोंद लिहायची झाली तर ती अशी होईल. मास्टरमध्ये ती फ्रेमच्या डाव्या बाजूला पायरीवर बसली आहे, वडील उजवीकडे बाकड्यावर, म्हणजे तिच्यापेक्षा उंच. तेव्हा क्लोजमध्ये तिची नजर कॅमेऱ्याच्या उजवीकडे आणि किंचित वर हवी. ती डावीकडे गेली तर दोघे एकमेकांकडे पाहत नसून एकाच दिशेला पाहत आहेत असे वाटेल. दोघांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली की हाच गोंधळ होतो. मूळ क्लोज ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर, मागे धूसर झालेला चिऱ्याचा खांब. ऊन फ्रेमच्या उजवीकडून, संध्याकाळी पाचचे. निळा कुर्ता, केस मागे बांधलेले, डाव्या मनगटात काळा दोरा. संवाद नाही, वडिलांचे मूळ वाक्य तिला ऐकवायचे. सलग ४० सेकंद चालवायचे: आधी नुसते ऐकणे, मग नजर खाली, मग पुन्हा वर. मान डोलवायची नाही.

'मान डोलवायची नाही' ही सूचना बारीक वाटते, पण तिच्यावरच असे शॉट टिकतात किंवा पडतात. महिन्यांनी पुन्हा उभा केलेला कलाकार मागचे-पुढचे काही नसताना एकटाच बसतो आणि ऐकण्याचा अभिनय करू लागतो. भुवया उंचावतात, ओठ आवळले जातात. संकलनात तो चेहरा शेजारच्या शॉटांशी भांडतो. म्हणून शॉटआधी त्याला कटमधला तो प्रसंग दाखवावा, मूळ संवाद स्पीकरवर लावावा, आणि चेहरा शक्य तितका रिकामा ठेवायला सांगावे. निर्विकार चेहऱ्यावर प्रेक्षक शेजारच्या शॉटमधली भावना स्वतःच वाचतात. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या प्रयोगांमुळे ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे.

हे चार शॉट घ्यायला रत्नागिरी गाठावी लागेल का? पासबुकाच्या शॉटमध्ये पान, अंगठा आणि ट्रंकेची कड एवढेच दिसते. पानाच्या डब्याच्या शॉटमध्ये बाकड्याची फळी. मुलीच्या क्लोजमागे धूसर चिरा. फ्रेम जितकी लहान, तितके ठिकाणाचे बंधन सैल. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज' या १९७५च्या चित्रपटात बुडालेल्या बोटीच्या भगदाडातून माणसाचे मुंडके अचानक समोर येते. चाचणी-प्रदर्शनानंतर आणखी एका किंकाळीची जागा दिसली म्हणून हा तुकडा पुन्हा घेतला गेला, आणि तोही समुद्रात नव्हे तर चित्रपटाच्या संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात. पाणी गढूळ दिसावे म्हणून त्यात दूध मिसळले होते, आणि स्टुडिओने खर्च नाकारल्याने सुमारे तीन हजार डॉलर स्पीलबर्ग यांनी स्वतः घातले. क्षितिज, किनारा, आकाश यांपैकी काहीच फ्रेममध्ये नव्हते, म्हणून तलाव समुद्र म्हणून खपला.

त्याच न्यायाने आपले चारही शॉट पुण्या-मुंबईत एका दिवसात होतात. चिऱ्याची एखादी भिंत, मूळ ट्रंक, मूळ पासबुक आणि सारख्या रंगाची लाकडी फळी एवढे जमवावे लागते. घर पूर्ण दिसणारा एखादा वाइड यादीत असता तर हिशेब बदलला असता, आणि तो केवळ प्रवासखर्चाने नव्हे. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत सूर्याची आकाशातली वाट जवळजवळ सारखीच असते. दोन्ही वेळी दुपारी तो जवळपास डोक्यावर येतो. तेव्हा सावल्या जुळल्या असत्या. पण मेमधले करडे अंगण ऑगस्टमध्ये हिरवे आणि चिऱ्यांवर शेवाळ, वर ढगांनी ऊन गायब. उलट डिसेंबरमध्ये गेले तर आकाश स्वच्छ मिळते, पण भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर असतो आणि सावल्या लांबतात. बाहेरच्या वाइडसाठी ऋतू थांबून धरावा लागतो, किंवा तो शॉट सोडावा लागतो. 'पथेर पांचाली'च्या वेळी सत्यजित राय यांनी काशफुलांच्या रानात चित्रीकरण सुरू केले, आणि आठवड्याने परतले तो गुरांनी फुले खाऊन टाकलेली. उरलेल्या शॉटांसाठी त्यांना पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागले.

माणसांच्या बाबतीत राय यांनी वेगळी वाट काढली. मिठाईवाल्याचे काम करणारे गृहस्थ मधल्या खंडात वारले. तेव्हा बांबूच्या बनातून बाहेर येणारा मिठाईवाला पहिल्याच गृहस्थांचा राहिला, आणि फाटकातून आत शिरणारा, पाठमोरा, तशाच अंगाचा दुसरा माणूस घेतला गेला. चालण्याची दिशा आणि देहयष्टी जुळली की प्रेक्षक मधला सांधा शोधत बसत नाही. आपल्या यादीतही वडिलांच्या हाताचा शॉट त्याच वयाच्या दुसऱ्या माणसावर घेता येईल, फक्त नखे, शिरा, अंगठी आणि शर्टाची बाही तपासून. मुलीच्या अंगठ्यालाही हेच लागू. मधल्या काळात तिच्या हातावर मेंदी आली असेल तर दुसरा हात शोधावा.

चेहऱ्याला मात्र पर्याय नसतो, म्हणून तारीख ठरवण्याआधी कलाकाराचा त्या दिवशीचा फोटो मागवावा. फोनवर 'तसाच आहे' म्हणणाऱ्याची दाढी वाढलेली असते. 'जस्टिस लीग' या २०१७च्या चित्रपटाचे नवे चित्रीकरण आले तेव्हा हेन्री कॅव्हिल यांनी 'मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट'साठी मिशा ठेवल्या होत्या आणि त्या काढायची परवानगी त्या चित्रपटाच्या स्टुडिओने दिली नाही. सुपरमॅनच्या मिशा संगणकावर पुसाव्या लागल्या. एवढा खर्च होऊनही वरचा ओठ विचित्र दिसतो हे प्रेक्षकांच्या लक्षात आले, आणि चित्रपटापेक्षा त्या ओठाचीच चर्चा जास्त झाली. लघुपटाच्या खिशाला हे परवडणारे नाही. केस कापले असतील तर बांधून भागते का पाहावे, नाहीतर त्या जागी अडकित्त्याचा पर्याय आहेच.

प्रत्यक्ष दिवशी चेहऱ्याचा शॉट आधी घ्यावा आणि वस्तूंचे नंतर. कलाकाराला सोडल्यावर इन्सर्ट निवांत होतात. संकलक, निदान त्याचा सहायक, कट लॅपटॉपवर घेऊन तिथे हजर असावा. मूळ फ्रेम आणि समोरची फ्रेम मॉनिटरवर एकमेकींवर अर्धपारदर्शक ठेवून डोळ्यांची पातळी, खांद्याची रेषा जुळवता येते. प्रत्येक शॉट हवा त्याच्या आधी आणि नंतर चार-पाच सेकंद जास्त चालवावा, नाहीतर नेमक्या कटच्या जागी हात फ्रेममध्ये यायचा राहिलेला असतो. शॉट झाला की तो तिथल्या तिथे कटमध्ये टाकून पाहायचा. हे केल्याशिवाय दिवे उतरवू नयेत. छोट्या मॉनिटरवर उत्तम वाटलेला शॉट शेजारच्या शॉटांमध्ये बसल्यावर उपरा दिसू शकतो, आणि याचे नेहमीचे कारण म्हणजे तो जास्तच देखणा असतो. घाईघाईत टिपलेल्या प्रसंगात आरामात घेतलेला, सुबक प्रकाशाचा, झुळझुळीत धूसर पार्श्वभूमीचा इन्सर्ट जाहिरातीतून आल्यासारखा वाटतो. छायाचित्रकाराला मूळ शॉटच्या उणिवांसकट जुळवायला सांगावे लागते, आणि ते त्याला आवडत नाही.

आवाजाची उणीव चित्राइतकीच त्रास देते, पण यादीत तिचा रकाना नसतो. सुपारी कातरल्याचा, ट्रंकेच्या कडीचा, पान उलटल्याचा आवाज याच दिवशी वेगळा घेऊन ठेवावा. ठिकाण बदलले असले तर पडवीची मूळ शांतता नव्या शॉटखाली लावावी लागते. मूळ चित्रीकरणात अर्धा-एक मिनिट रूम टोन घेतलेला असेल तर ती सोय होते; नसेल तर संवादांमधल्या फटींतून एकेक सेकंद जमवत बसावे लागते.

यादी बिघडते ती बहुधा आयत्या वेळी. कॅमेरा भाड्याने आला आहे, मुलगी आली आहे, तर तिचा आणखी एक मूक प्रसंग घेऊन टाकू, असे कोणाच्या तरी मनात येते. पत्ता नसलेल्या अशा शॉटांसाठी संध्याकाळी वेळ जातो आणि पत्ता असलेल्या शॉटचा एकच टेक होतो. दुसरा धोका जास्त समजावण्याचा. एका प्रेक्षकाला पासबुक कळले नाही म्हणून पान, मग तारीख, मग तिचा हिशेब करणारा चेहरा, मग वडिलांचा फोटो, असे सगळे घेतले जाते आणि कटमध्ये लागतेही. प्रेक्षकाला एकदा कळल्यावर पुढचे तीन शॉट त्याच्या बुद्धीवर अविश्वास दाखवतात. पॅचवर्क नीट झाले की नाही हे तपासायला पुन्हा नवे चार जण बसवावेत. पहिल्या चौघांचा आता उपयोग नाही, त्यांना गोष्ट कळलेली आहे.

मोठ्या चित्रपटांत या कामासाठी आधीच दिवस आणि पैसे राखून ठेवले जातात. पीटर जॅक्सन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे मुख्य चित्रीकरण २०००च्या डिसेंबरमध्ये संपले, पण पुढची काही वर्षे प्रत्येक भागाच्या संकलनाच्या वेळी कलाकार पिकअपसाठी न्यूझीलंडला परत येत राहिले. छोट्या निर्मात्याला एवढे शक्य नसले तरी कलाकारांशी करार करतानाच एका पॅचवर्कच्या दिवसाचे कलम घालणे आणि अंदाजपत्रकात तो दिवस धरणे शक्य असते. त्याहून सोपी आणि फुकटची गोष्ट म्हणजे शेवटच्या दिवशी कपडे, चष्मे, चपला, पासबुक, अडकित्ता यांची गाठोडी बांधून कपाटात ठेवणे आणि चित्र लॉक होईपर्यंत कोणालाही परत न देणे.